बॉडी ७२ वर, वाइंडिंग ११८ वर

कुपवाडच्या एमआयडीसीत मोटर टेस्टिंगला नवीन कुणी आलं की चालत्या मोटरच्या बॉडीला हात लावतं आणि "सर, लई तापलीय" म्हणून सांगतं. सत्तर अंशांवर हात टिकत नाही, पण फुल लोडवर चांगल्या मोटरची बॉडीही तेवढी तापतेच. जळतं ते आतलं वाइंडिंग. त्याचं तापमान कळायला उष्णता कुठून कुठे जाते, ते आधी कागदावर मांडायला शिका.

हळद पॉलिश करणाऱ्या एका युनिटची ५ एचपी, चार पोलची मोटर घेऊ. बंद बॉडी, वर फिन्स, मागे शाफ्टवरचाच पंखा. नुकतीच रिवाइंड होऊन आलेली. फुल लोडवर लॉस असे धरले: स्टेटरच्या तांब्यात २६० वॅट (वाइंडिंग ७५ अंशांवर असताना), रोटरमध्ये १४०, कोरमध्ये १२०, इतर ४०. बेअरिंग आणि पंख्याचा लॉस बहुतेक बाहेरच्या बाहेर जातो, म्हणून तो मी या हिशोबात घेत नाही.

आता वाट. वाइंडिंगची उष्णता स्लॉटमधलं वार्निश आणि इन्सुलेशन पेपर ओलांडून कोरमध्ये येते. रोटरची एअर गॅपमधून तिथेच येते. मग सगळी मिळून कोरमधून बॉडीत आणि बॉडीवरून पंख्याच्या वाऱ्यात जाते. प्रत्येक टप्प्याला एक थर्मल रेझिस्टन्स: एक वॅट जायला किती अंशांचा फरक लागतो तो आकडा. याच फ्रेमच्या एका चांगल्या मोटरवर, कोरला आणि बॉडीला थर्मोकपल लावून आम्ही ते काढले होते. वाइंडिंग ते कोर ०.०८, कोर ते बॉडी ०.०१५, बॉडी ते हवा ०.०७.

पहिल्या टप्प्यातून फक्त २६० वॅट जातात, पुढच्या दोन्हींतून ५६०. नवखे इथेच चुकतात. सगळीकडे एकच आकडा गुणतात. गुणाकार केला की २१, ८ आणि ३९, म्हणजे हवेपेक्षा ६८ अंश वर. टेस्टच्या दिवशी हवा ३० होती, म्हणून ९८. पण ९८ अंशांवर तांब्याचा रेझिस्टन्स ७५ पेक्षा जास्त, म्हणजे लॉसही जास्त. तो नव्याने घालून दोन-तीन फेऱ्या केल्या की उत्तर १०२ वर स्थिरावतं. बॉडी ७१ वर यायला हवी.

टेस्टमध्ये वाइंडिंगचं तापमान रेझिस्टन्सवरून काढतात:

t₂ = (R₂/R₁) × (235 + t₁) − 235

थंड असताना t₁ ३० अंश आणि रेझिस्टन्स R₁ १.८० ओहम होता. तापमान स्थिर झाल्यावर मोटर थांबवून घेतला तेव्हा R₂ २.४०. या साइजला पहिलं रीडिंग तीस सेकंदांत घ्यायचं, नाहीतर वाइंडिंग निवतं आणि खोटा दिलासा मिळतो. उत्तर आलं ११८. हिशोबापेक्षा १६ अंश जास्त.

युनिटच्या मालकांचा संशय फिन्समध्ये बसलेल्या हळदीच्या भुकटीवर होता. पण तसं असतं तर बॉडीही वर गेली असती. बॉडी होती ७२, जवळपास हिशोबाइतकी. म्हणजे लॉस आणि पंखा दोन्ही ठीक, अडथळा आत. कोर ८१ वर होता. वाइंडिंग आणि कोरमध्ये ३७ अंशांचा फरक, तापलेल्या तांब्याचा लॉस २९६ वॅट, भागाकार ०.१२५. हवा होता ०.०८. स्लॉटमध्ये वार्निश नीट भरलेलं नव्हतं, तारांमध्ये हवा राहिली होती. वार्निशपेक्षा हवा उष्णता कितीतरी कमी वाहून नेते. पुन्हा वार्निश करून, ओव्हनमध्ये पूर्ण वाळवल्यावर फरक खाली आला.

रेझिस्टन्सवरून निघतं ते सरासरी तापमान. सगळ्यात गरम जागा, बहुधा स्लॉटबाहेरच्या एंड वाइंडिंगमध्ये, त्याहून दहाएक अंश वर धरा. एफ क्लास इन्सुलेशनची १५५ ची मर्यादा त्या जागेसाठी आहे.

तीच मोटर व्हीएफडीवर, म्हणजे स्पीड कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर, निम्म्या स्पीडला, पण पूर्ण टॉर्कवर चालवली तर? कोरचा लॉस घटतो, एकूण ५६० चे साधारण ४६५ वॅट होतात. पण पंखाही निम्म्या स्पीडने फिरतो, आणि बॉडी ते हवा ०.०७ चं अंदाजे ०.११५ होतं. त्यामुळे बॉडीचीच वाढ ३९ वरून ५३ वर जाते आणि तांब्याचा लॉस पुन्हा चढतो. लोड कन्व्हेयरसारखा असेल तर मागे स्वतंत्र मोटरचा पंखा मागून घ्या. सेंट्रिफ्यूगल पंपाला सहसा गरज नसते, कारण तिथे स्पीडबरोबर टॉर्कही झपाट्याने उतरतो.