दरवाढीच्या मेलला उत्तर देताना

हिंगण्याचा खोकेवाला कागद 10 टक्के महागला म्हणून संत्रा बर्फीच्या 20 रुपयांच्या खोक्यावर 12 टक्के वाढ मागतोय. ‘परवडत नाही’ एवढंच लिहिलं तर तोही तेच म्हणेल. आधी खर्चात कागदाचा वाटा विचारा. 60 टक्के असेल, तर वाढ 6 टक्केच बसते. मग लिहा:

“कागदाच्या वाढीपुरता 21.20 दर तीन महिन्यांसाठी मान्य आहे. किंवा 45 ऐवजी 10 दिवसांत पैसे देतो, दर 20.90 धरा. बाकी वाढ मजुरी-विजेची असल्यास हिशेब पाठवा. शुक्रवारपर्यंत कळवावे.”

दुसरा पर्याय गल्ल्यात रोकड असेल तरच लिहा. दुसऱ्याकडे जायची धमकी मात्र नको, विशेषतः दिवाळीच्या तोंडावर.