खाते पुसले म्हणजे माहिती खरोखर गेली का, हे कसे तपासावे

वापरकर्त्याने आपली माहिती पुसण्याची विनंती केली, प्रणालीने 'काम पूर्ण' असे कळवले, तरी त्या शब्दावर विसंबू नये. कारण पुसणारा प्रोग्रॅम त्याला माहीत असलेल्या जागाच पुसतो, आणि बहुतेकदा तपासणीही त्याच जागांची होते. म्हणून तपासणीसाठी एक वेगळे चाचणी-खाते उघडावे आणि त्याच्या नावात, पत्त्यात व ईमेलमध्ये इतरत्र कुठेही आढळणार नाही अशी खूण पेरावी, उदाहरणार्थ zq7khadki4821. खुणेत @ किंवा मोकळी जागा नसावी, कारण लॉगमध्ये @ चे अनेकदा %40 होते आणि शोध फसतो.

त्या खात्यावरून खरेदी, तक्रार, शोध असे नेहमीचे व्यवहार करावेत, एक रात्र बॅकअप होऊ द्यावा आणि मग पुसण्याच्या *आधी* खूण सगळीकडे शोधावी. डेटाबेस पोस्टग्रेस आणि शोधसूची इलास्टिकसर्च असेल, तर:

```
pg_dump app | grep -c zq7khadki4821
zgrep -l zq7khadki4821 /var/log/app/*
curl -s 'localhost:9200/_all/_count?q=zq7khadki4821'
```

हा आधीचा शोध वगळू नये. समजा, डेटाबेसमध्ये सात ओळी, लॉगच्या तीन फायली आणि सूचीत दोन नोंदी सापडल्या. तरच नंतर येणाऱ्या शून्याला अर्थ आहे. लॉगमध्ये आधीच शून्य आले, तर बहुधा तिथे नावाऐवजी खात्याचा क्रमांक लिहिला जातो, तेव्हा तो क्रमांकही शोधावा. कूटबद्ध किंवा bytea प्रकारच्या रकान्यातली खूण मात्र या शोधात दिसणार नाही. ते रकाने वेगळे उघडून पाहावे लागतात.

आता नेहमीच्याच मार्गाने विनंती करावी आणि तेच आदेश पुन्हा चालवावेत. डेटाबेसमध्ये सातऐवजी एक ओळ उरली, तर ती कोणत्या तक्त्यातली आहे ते पाहावे. माझ्या अनुभवात ती बहुधा बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या तक्त्यात निघते. शोधात शून्य आले तरी डिस्कवर अवशेष असू शकतात: पोस्टग्रेसमध्ये DELETE ने ओळ केवळ मृत ठरते आणि VACUUM नंतर ती जागा पुन्हा वापरण्याजोगी होते, तर इलास्टिकसर्चमध्ये पुसलेली नोंद सेगमेंटचे विलीनीकरण होईपर्यंत फायलीत राहते.

बॅकअपचे काम सर्वांत चिवट आहे. जुन्या प्रतीतून एकच ओळ काढणे सहसा व्यवहार्य नसते; म्हणून पुसलेल्या खात्यांचे केवळ अंतर्गत क्रमांक एका यादीत ठेवतात आणि प्रत पुनर्स्थापित केली की ती यादी पुन्हा लागू करतात. हे खरेच घडते का, हे पाहण्यासाठी पुसण्यापूर्वीची प्रत वेगळ्या यंत्रावर उतरवावी, प्रथम खूण सापडते याची खात्री करावी, यादी लागू करावी आणि पुन्हा शोधावे. प्रती 35 दिवस ठेवण्याचे धोरण असेल, तर मुदत संपल्यावर ती प्रत साठ्यातून गेल्याचेही पाहावे. साठ्यात आवृत्त्या जपण्याची सोय चालू असल्यास वरवर नाहीशी झालेली फाइल जुनी आवृत्ती म्हणून तशीच पडून असते.