फोन रीसेट करण्याआधी सेफ मोड

दांडिया बाजारातल्या काकूंच्या अँड्रॉइड फोनवर कॅमेरा सारखा बंद पडायचा. दुकानदार म्हणाला, रीसेट मारा, म्हणजे फोनमधलं सगळं पुसून टाका. आधी सेफ मोड लावला: स्क्रीनवरचं ‘पॉवर ऑफ’ बराच वेळ दाबून धरलं (काही फोनांत पद्धत वेगळी). त्यात आपण टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत. कॅमेरा मस्त चालला, म्हणजे दोषी बाहेरचंच अ‍ॅप. नवं ‘क्लीनर’ काढलं, काम झालं.

सेफ मोडमध्येही बिघडतंय, जागा मोकळी आहे, अपडेट आणि बिघडलेल्या अ‍ॅपचं क्लिअर डेटाही झालंय, तरच रीसेट. त्याआधी फोटोंसोबत व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या, लॉगिनसाठीच्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपचे कोड दुसऱ्या फोनवर न्या आणि गूगलचा पासवर्ड खरंच आठवतोय ना, ते दुसरीकडे लॉगिन करून बघा.