कोल्हापुरात घरी २० जणांचं मटणाचं जेवण: स्वतः करायचं का केटरर सांगायचा, माणशी हिशोब

शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी लागून नवीन आलेल्या मंडळींना वर्षभरात एकदा तरी हा प्रश्न पडतोच. घर लावलं, ओळखी झाल्या, आता ऑफिसची चार माणसं, शेजारी, घरमालक असं सगळं मिळून २० जणांना जेवायला बोलवायचं. मी अमरावतीकडचा, इथं येऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे आता लोक मलाच विचारतात की काका केटरर किती घेतो प्लेटला. पण प्लेटचा दर विचारून काहीच कळत नाही, ते कसं ते सांगतो.

आधी घरचा हिशोब. २० पैकी ४ जण शाकाहारी धरा, तेवढे निघतातच, आणि वार बघून बोलवा. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, श्रावण यातलं कोण काय पाळतं ते आधी विचारून घ्या, नाहीतर ४ चे ९ होतात आणि मटण उरतं. उरले १६, माणशी पाव किलो हाडासकट म्हणजे ४ किलो. दर रोज बदलतो, मी ८०० धरतोय, तुम्ही त्या दिवशीचा घाला. झाले ३,२००. खोबरं, नारळ, काजू, खसखस, तीळ, कांदा-लसूण चटणी, तेल, कांदे, आलं-लसूण-कोथिंबीर सगळं मिळून १,२०० च्या आसपास (कोरडं सामान लक्ष्मीपुरीतनं आणा, कॉलनीच्या दुकानात खसखशीच्या पुडीलाच घाम फुटतो). भाताचे तांदूळ, दही, लिंबू, कांदा ३५०. शाकाहाऱ्यांना अख्खा मसूर, १५० मध्ये होतो, फक्त त्याला मटणाचा डाव लावू नका, लोक बघत असतात. भाकरी-चपाती मिळून ५० नग, १५ रुपयानं ७५०, आणि या घरी करायच्या भानगडीत पडूच नका. पोळी-भाकरी करून देणाऱ्या बायका जवळपास प्रत्येक भागात आहेत, आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. गॅस १००, भांड्याला येणाऱ्या मावशींना वरचे ५००. एकूण ६,२५०, म्हणजे माणशी ३१२ रुपये आणि काही पैसे. यातला निम्मा पैसा एकट्या मटणाचा आहे, मटण किलोला १०० नं वाढलं तर माणशी २० रुपये वाढतात, बाकी कशावर घासाघीस करून फार फरक पडत नाही.

आता केटरर. तो फोनवर सांगणार ४०० रुपये प्लेट, आणि तुम्ही म्हणणार मग काय, ९० रुपयांचाच फरक, कशाला राबा. पण पुढचं वाक्य ऐकायचं असतं, "कमीत कमी २५ प्लेट". काहीजण ५० च्या खाली येतच नाहीत. तर २५ चे १०,००० तुम्ही देणारच, जेवणार २० जण. वर टेम्पोचे ४००, दोन वाढपी ६०० प्रमाणे १,२००. झाले ११,६००, भागिले २०, म्हणजे ५८० रुपये माणशी. ४०० चा आकडा कुठं राहिला? हेच ५० जण असते तर चार वाढपी धरूनसुद्धा ४५६ ला बसलं असतं. २० हा आकडाच अडचणीचा आहे, केटररला कमी पडतो आणि घरच्या शेगडीला जास्त होतो.

आणि केटररला विचारायचं काय, तर प्लेटला पीस किती असं नाही, पीस केवढा पण असू शकतो. विचारायचं, माझ्या जेवणाला कच्चं मटण किती किलो घालणार. १६ जणांना अडीच किलो म्हणाला तर समजून जा की सुकं ताटात चवीपुरतं येणार आणि रश्श्यावर भागवणार. मटण आम्ही आणून देतो, त्याचा दर वजा कर, असं म्हटल्यावर जो लगेच तयार होतो त्याच्याशी पुढं बोला.

घरचं स्वस्त का पडतं याचं कारण रश्श्यात आहे. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून एकदाच शिजवायचं, त्याचं जे अळणी पाणी निघतं त्यातनंच तांबडा पण होतो आणि पांढरा पण, आणि शिजलेले पीस बहुतेक सुक्यात जातात. म्हणजे ४ किलोत तीन पदार्थ. पण लक्षात ठेवा, इथली माणसं रस्सा वाटी वाटी पितात, भातावर घेण्यापुरता करून चालत नाही. १६ जणांना तांबडा ६-७ लिटर आणि पांढरा ४-५ लिटर लागतो. घरच्या ५ लिटरच्या कुकरात एका वेळी दोन किलोच मटण नीट शिजतं, म्हणून दोन खेपा, आणि मग दोन मोठी पातेली एकाच वेळी दोन बर्नरवर. तिसरा पदार्थ, म्हणजे सुकं, त्याला जागाच उरत नाही, म्हणून सुकं आधी परतून बाजूला ठेवा, ते नंतर गरम केलं तरी बिघडत नाही.

बिघडतो तो पांढरा. नारळाचं दूध घातल्यावर खळखळ उकळी आली की फाटतो, वर पाणी आणि खाली दाणेदार साका दिसायला लागतो, आणि फाटलेला परत जुळत नाही. दूध शेवटी, गॅस बारीक, डाव फिरवत राहायचं, झाकण ठेवायचं नाही, वाफ आली की उतरवायचं. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी करायचा तो हाच एक पदार्थ. केटररचा पांढरा बऱ्याचदा इथंच मार खातो, कारण तो दुपारी केलेला असतो आणि तुमच्या दारात परत तापवला जातो. टेम्पो आला की आधी त्याच पातेल्याचं झाकण उघडून बघा.

आता माझं मत. आदल्या दिवशीचं वाटण धरलं नाही तरी घरात दोघांचे सहा-सहा तास जातात, आणि ३१२ मध्ये ते कुठंच धरलेले नाहीत. ज्यांच्या घरी हात लावायला माणसं आहेत त्यांनी घरी करावं. नवरा-बायको दोघंच असाल आणि दोघं नोकरीवर, तर मधला रस्ता आहे तो म्हणजे आचारी. सामान तुमचं, तो येऊन गच्चीवर नाहीतर पार्किंगमध्ये शिजवून देतो. मजुरी १,५०० धरा, मोठी शेगडी आणि सिलेंडर भाड्याचे ३५०, म्हणजे एकूण ८,१०० आणि माणशी ४०५. केटररपेक्षा १७५ रुपये कमी, मटण तुमच्या डोळ्यासमोर शिजतं आणि पांढरा ताजा मिळतो. वाढायला मात्र तुम्हीच, २० जणांच्या दोन पंगती झाल्या की ते काय अवघड नाही.

आचाऱ्याला बोलवायच्या आधी घरमालकाला गच्चीचं विचारा, पाण्याची वेळ सांगून ठेवा, आणि तिखट किती ते ठरवून घ्या, त्याच्या हातचं 'मध्यम' आपल्याकडच्या माणसांच्या डोळ्यातनं पाणी काढतं. रविवार असेल तर मटणाच्या दुकानात आदल्या दिवशीच सांगून ठेवा आणि सकाळी लवकर जा, अकराला गेलात तर रांगेत उभं राहून जे उरलंय ते घ्यावं लागतं, आणि मिक्स घेताना नळ्या मागून घ्या, अळणीला खरी चव त्यांचीच.