एसओपी इंग्रजीत आणताना तिचा आवाज कसा राखला

भूजलशास्त्राच्या मास्टर्ससाठी अर्ज करणाऱ्या एका मुलीच्या एसओपीचा, म्हणजे हाच विषय का शिकायचा हे सांगणाऱ्या निवेदनाचा, मराठी मसुदा माझ्याकडे आला. सोबत कुणीतरी करून दिलेलं इंग्रजीही होतं. मराठीत तिने लिहिलं होतं, "विहिरीत टेप सोडली. पाणी लागलंच नाही. टेप संपली." इंग्रजीत त्याचं 'जलसंवर्धनाची मला लहानपणापासून तीव्र ओढ आहे' झालेलं. असं वाक्य कुणाच्याही अर्जात खपतं.

मी ते इंग्रजी बाजूला ठेवलं आणि मराठीतली फक्त तिलाच लिहिता येतील अशी वाक्यं आधी उचलली. ती तीन वाक्यं इंग्रजीतही तीनच ठेवली, तितकीच तुटक. जोडली असती तर तिची लय गेली असती.

खरी अडचण 'आम्ही'ची होती. आपल्याकडे 'मी केलं' म्हणायला संकोच वाटतो, पण निवड समितीला उमेदवाराचं स्वतःचं काम कळायला हवं. म्हणून प्रत्येक 'आम्ही'वर तिला विचारलं, यात तुझं काय? मोजमाप गटाचं होतं, नोंदी तपासून चुकीचे आकडे तिने वेगळे काढले होते. इंग्रजीत तेवढंच 'मी' झालं, बाकी 'आम्ही'च राहिलं.

शेवटी इंग्रजी मजकूर तिला मराठीत सांगत गेलो. "मी असं बोलणार नाही" म्हणाली, ती वाक्यं बदलली.