सिमँटिक कॅश लावताना: ‘जवळपास तोच’ प्रश्न कसा ओळखावा

एखाद्या सॉफ्टवेअर सेवेच्या मदत-चॅटबॉटचा लॉग उघडा. ‘पासवर्ड विसरलो’, ‘पासवर्ड रिसेट कसा करू’, ‘लॉगिन होत नाही, पासवर्ड आठवत नाहीये’ अशा ओळीच्या ओळी सापडतील. प्रश्न एकच असतो, पण तो दरवेळी भाषा-मॉडेलकडे जातो आणि दरवेळी टोकनचे पैसे पडतात. सिमँटिक कॅश हा खर्च वाचवतो. आलेल्या प्रश्नाचे एम्बेडिंग काढायचे, म्हणजे त्याचा अर्थ आकड्यांच्या लांबलचक यादीत उतरवायचा. मग साठवलेल्या जुन्या प्रश्नांपैकी सर्वांत जवळचा शोधायचा आणि तो पुरेसा जवळ असेल तर त्याचेच उत्तर परत द्यायचे.

सगळी मेख त्या ‘पुरेसा जवळ’मध्ये आहे.

आधी साधा कॅश लावा

प्रश्नातील जास्तीच्या मोकळ्या जागा आणि शेवटची विरामचिन्हे काढा, देवनागरी आणि इंग्रजी अंक एकाच रूपात आणा आणि अक्षरशः जुळणारे प्रश्न आधी वेगळे काढा. या टप्प्यावर अंदाज बांधावा लागत नाही, त्यामुळे जोखीमही नगण्य. बटणे दाबून प्रश्न निवडता येत असतील, तर बराचसा खर्च इथेच वाचतो आणि पुढच्या खटाटोपाची गरजही उरत नाही.

मग हिशोब करा. एम्बेडिंगचा खर्च इथून पुढे गेलेल्या प्रत्येक प्रश्नाला पडतो, उत्तर कॅशमध्ये सापडो वा न सापडो. उत्तर लिहून घेण्याच्या मानाने तो सहसा अगदी कमी असतो. पण पुन्हा येणारे प्रश्नच कमी असतील तर वाचणार तरी काय? म्हणून एका आठवड्याच्या लॉगवर आधी कागदोपत्री तपासा: किती प्रश्नांना जुने उत्तर चालले असते?

उंबरठा स्वतःच्या प्रश्नांवरून ठरवा

जवळीक सहसा कोसाइन साम्याने, म्हणजे दोन एम्बेडिंगच्या दिशा किती जुळतात त्यावरून, मोजतात. १ म्हणजे दिशा तंतोतंत तीच. कुठेतरी वाचलेला ०.९० हा आकडा ‘पुरेसा जवळ’चा उंबरठा म्हणून उचलून बसवणे ही नेहमीची चूक आहे. प्रत्येक एम्बेडिंग मॉडेलची मोजपट्टी निराळी असते. एका मॉडेलमध्ये ०.९० म्हणजे जवळजवळ तेच वाक्य, तर दुसऱ्यात नुसता विषय सारखा असला तरी तेवढे गुण पडतात.

म्हणून लॉगमधून प्रश्नांच्या दोनशेएक जोड्या काढा. साम्य खूप जास्त किंवा खूप कमी असलेल्या जोड्या फारशा कामाच्या नाहीत, मधल्या पट्ट्यातल्या घ्या. प्रत्येक जोडी माणसाने वाचायची. त्याला ‘दोन्हींचा अर्थ सारखा आहे का?’ असे मात्र विचारू नका. ‘पहिल्या प्रश्नाचे उत्तर जसेच्या तसे दुसऱ्याला दिले तर ते बरोबर ठरेल का?’ असे विचारा. या दोन प्रश्नांत बराच फरक आहे. ‘पासवर्ड कसा बदलायचा?’ याचे सर्वसाधारण उत्तर मोबाइलवाल्याला कदाचित चालेल, पण मोबाइलपुरते उत्तर सगळ्यांना चालणार नाही. कोसाइनला मात्र हा एकतर्फीपणा कळत नाही. त्याच्या लेखी दोन्हीकडून अंतर तेच.

आता एक उदाहरण नीट पाहू. कॅशमध्ये हा प्रश्न आहे:

‘मासिक प्लॅन रद्द केल्यावर पैसे परत मिळतात का?’ उत्तर: नाही, पण महिना संपेपर्यंत सेवा चालू राहते.

आता दोन नवे प्रश्न येतात. पहिला: ‘महिन्याचं सबस्क्रिप्शन बंद केलं, रिफंड येईल का?’ दुसरा: ‘वार्षिक प्लॅन रद्द केल्यावर पैसे परत मिळतात का?’ पहिल्याला जुने उत्तर चपखल बसते, पण शब्द बरेच निराळे. दुसऱ्यात एकच शब्द बदलला, आणि समजा वार्षिक प्लॅनमध्ये उरलेल्या महिन्यांचे पैसे मिळतात, तर जुने उत्तर सपशेल चूक ठरते. मोजल्यावर पहिल्याला ०.८९ आणि दुसऱ्याला ०.९६ गुण पडले, असे धरू. असे उलटे आकडे प्रत्यक्षात खरेच दिसतात. इथे उंबरठा कुठेही ठेवा, बरोबर प्रश्न आत आणि चुकीचा बाहेर असे होणार नाही. तो वाढवला की आधी बरोबर प्रश्नच गळतो.

एका शब्दाचा पहारा

यावर उपाय म्हणजे उंबरठ्यानंतर दुसरी चाळणी. उत्तर बदलू शकतील असे शब्द दोन्ही प्रश्नांतून काढून ताडून पाहायचे. त्यात संख्या, तारखा, प्लॅनची आणि उत्पादनांची नावे, आवृत्ती आणि नकार येतात. ‘रद्द करता येतो का’ आणि ‘रद्द का करता येत नाही’ हे प्रश्न एम्बेडिंगला शेजारी वाटतात, विचारणाऱ्याला मात्र नाही.

```python
def lookup(q, scope):
    hit = index.nearest(embed(q), scope)
    if hit is None or hit.score < THRESHOLD:
        return None
    if slots(q) != slots(hit.question):
        return None
    return hit.answer
```

`slots` म्हणजे जादू नव्हे. सुरुवातीला तुमच्या क्षेत्रातल्या शब्दांची हाताने केलेली यादी पुरते. तिच्यात ‘महिन्याचं’ आणि ‘मासिक’ एकाच खणात टाकावे लागतात, नाहीतर खरा जुळणारा प्रश्नही परत जातो. या चाळणीमुळे उंबरठा थोडा खाली आणता येतो आणि पहिल्या प्रश्नाला जागा मिळते. यादी अपुरी पडू लागली तर दोन्ही प्रश्न एका छोट्या मॉडेलपुढे ठेवून ‘तेच उत्तर चालेल का’ एवढेच विचारता येते. त्याने बचत थोडी घटते, पण पूर्ण उत्तर लिहून घेण्यापेक्षा ते स्वस्तच पडते.

`scope` म्हणजे कोणाच्या नोंदींत शोधायचे ती मर्यादा. ती विसरू नका. ‘माझं बिल किती?’ हा प्रश्न शंभर जणांचा अगदी सारखा असतो आणि उत्तरे शंभर असतात. व्यक्तिगत माहितीवर अवलंबून असलेली उत्तरे सामाईक कॅशमध्ये ठेवूच नयेत. ‘आणि दुसऱ्याचं काय?’ असले, आधीच्या संभाषणावर लटकलेले प्रश्नही कॅशला दाखवू नका. किंवा ते आधी स्वयंपूर्ण वाक्यात लिहून घ्या.

उत्तर शिळे होते

नुसती मुदत लावून भागत नाही. उत्तर ज्या मदत-लेखावरून आले त्याची आवृत्ती नोंदीसोबत ठेवा आणि लेख बदलला की ती नोंद उडवा. मॉडेल किंवा त्याला दिलेल्या सूचना बदलल्या तर जुनी उत्तरे पुन्हा तपासावी लागतात. एम्बेडिंग मॉडेल बदलले तर सगळी अनुक्रमणिका नव्याने बांधावी लागते, कारण जुन्या-नव्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

एक चूक सहज नजरेतून सुटते. जुने उत्तर दिल्यावर नवा प्रश्नही त्याच उत्तरासह साठवला, तर पुढचा प्रश्न त्या नव्या प्रश्नाशी जुळतो, त्याच्या पुढचा त्याच्याशी. असे चार उड्यांत उत्तर मूळ प्रश्नापासून कुठल्या कुठे पोचते. फक्त मॉडेलने खरोखर दिलेली उत्तरेच साठवा.

चालू करण्याआधी आणि नंतर

पहिले काही दिवस कॅश मुका ठेवा. तो काय दिले असते ते नोंदवेल, पण ग्राहकाला मॉडेलचेच उत्तर जाईल. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून वाचा. या काळात पैसे वाचत नाहीत, पण कॅशची चूक एरवी कुठेच दिसत नाही. एरर येत नाही, उत्तर झटकन येते आणि खर्चाचा आलेख छान उतरलेला असतो. रोज १०,००० प्रश्न, त्यातले ३० टक्के कॅशमधून आणि त्यातले १ टक्का चुकीचे, असे धरले तरी रोज ३० जणांना चुकीचे उत्तर जाते. शिवाय मॉडेलची चूक एखाद्या वेळी होते. कॅशमधली चूक नोंद पुसेपर्यंत पुन्हा पुन्हा होते.

म्हणून चालू केल्यावरही कॅशमधून गेलेल्या उत्तरांपैकी थोडी रोज मॉडेलकडे पाठवून पडताळा. कॅशचे उत्तर मिळाल्यावर लगेच तोच प्रश्न शब्द बदलून विचारणारे किती, तेही मोजा. प्रत्येक उत्तरासोबत ते कोणत्या नोंदीतून गेले तो क्रमांक ठेवा. तो असला की चूक सापडल्यावर नोंद पुसता येते आणि ते उत्तर आणखी कोणाकोणाला गेले हेही शोधता येते.