कोल्ड ईमेलची पहिली ओळ: ओळखीचा धागा पकडताना या चुका टाळा

"आपण दोघंही नुकत्याच झालेल्या चर्चासत्राला उपस्थित होतो, म्हणून आपल्याशी संपर्क साधत आहे." अनोळखी माणसाला कामाचा पहिला ईमेल लिहिताना अशी सुरुवात खूप जण करतात. वाक्य सभ्य आहे, खरंही आहे, आणि तरी उत्तर येत नाही. कार्यक्रमाचा किंवा ओळखीच्या माणसाचा उल्लेख केला की दार आपोआप उघडतं, हा समजच मुळात चुकीचा आहे. वाचणाऱ्याला तो उल्लेख आपल्या आठवणीशी ताडून पाहता आला पाहिजे आणि तिथून कामाचा विषय लगेच दिसला पाहिजे. दोन्हींपैकी एक जरी राहिलं, तरी ती ओळ वाया जाते.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातली एक छोटी कंपनी तापमान नोंदवणारे डेटा लॉगर बनवते. माल भरताना पेटीत ठेवायचं हे लहानसं यंत्र, ठरावीक मिनिटांनी तापमान टिपत राहतं. या कंपनीच्या मालकाला निफाड तालुक्यातल्या, द्राक्षं पेट्यांत भरून निर्यातीला पाठवणाऱ्या एका पॅकहाऊसच्या संचालकांना ईमेल लिहायचा आहे. द्राक्ष बागायतदारांच्या पुण्यातल्या चर्चासत्राला दोघंही हजर होते, पण बोलणं झालेलं नाही. समजा, त्या संचालकांनी प्रश्नोत्तरांच्या वेळी उभं राहून विचारलं होतं की प्रीकूलिंग, म्हणजे पाठवण्याआधी माल थंड करणं, नीट होतं, पण कंटेनर भरताना दार उघडं असतं तेव्हा माल किती तापतो हे कळायचं कसं?

आता पहिली चूक बघा. "आपण दोघंही चर्चासत्राला होतो" असं लिहिलं, तर त्यात फक्त गर्दी आहे. त्या सभागृहात शेकडो बागायतदार, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आणि निर्यातदार होते, आणि त्यांतला कोणीही हेच वाक्य लिहू शकतो. कार्यक्रमाचं नाव बदलून तीच ओळ दुसऱ्या कुणाला पाठवता येत असेल, तर ती बदला. ही कसोटी मला सगळ्यात भरवशाची वाटते. चांगली ओळ अशी होईल:

"नमस्कार साहेब, पुण्याच्या चर्चासत्रात आपण विचारलं होतं की कंटेनर भरताना माल किती तापतो हे कळायचं कसं, मी मागच्या रांगेत होतो आणि आम्ही नेमकं हेच मोजणारं यंत्र बनवतो."

यात प्रश्न त्यांचाच आहे, त्यामुळे त्यांना तो आठवतो. भेट झाल्याचा दावा नाही, "मागच्या रांगेत होतो" इतकंच प्रामाणिकपणे सांगितलं आहे. आणि कामाचा विषय त्याच वाक्यात आला. याउलट "आपली भेट झाली होती" असं ठोकून दिलं, तर ते आठवायचा प्रयत्न करतील, आठवणार नाही, आणि संशय पुढच्या प्रत्येक ओळीला चिकटेल.

इथे एक मर्यादा पाळायची. सगळ्यांसमोर माईकवर विचारलेला प्रश्न उल्लेखायला हरकत नाही. पण चहाच्या टेबलावर ते शेजाऱ्याला सांगत होते की मागच्या हंगामात माल परत आला, तर ते तुमच्या कानावर पडलं म्हणून लिहायचं नाही. ते खरं असलं तरी वाचणाऱ्याला पाळत ठेवल्यासारखं वाटतं.

दुसरी चूक ओळखीच्या माणसाच्या नावाची, आणि ही जास्त महागात पडते. "अमुक काकांनी आपला पत्ता दिला" असं लिहिल्यावर आपल्याकडे लोक ईमेलला उत्तर देत नाहीत, आधी काकांना फोन लावतात. काकांना काहीच माहीत नसेल, तर ते "कोण? आठवत नाही बुवा" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. शिवाय काकाही दुखावतात. म्हणून नाव वापरण्याआधी त्यांना एक छोटा मेसेज टाकायचा: "काका, निफाडच्या पॅकहाऊसला लॉगरबद्दल लिहितोय. तुमचं नाव घेतलं तर चालेल का?" होकार आल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. गप्प राहिले म्हणजे चालेल असं धरायचं नाही.

होकार मिळाल्यावर नातं खरं आहे तेवढंच सांगायचं. काकांनी फक्त ईमेल पत्ता दिला असेल, तर "काकांनी आमची शिफारस केली" किंवा "काकांच्या सांगण्यावरून लिहीत आहे" हे दोन्ही खोटं ठरतं. "काकांच्या पॅकहाऊसमध्ये मागच्या हंगामात आमचे लॉगर वापरले, आपल्याला लिहिताना त्यांचं नाव घेण्याची परवानगी त्यांनी दिली आहे" हे खरं असेल तर जास्त वजनदार आहे, कारण फोनवर काका नेमकं हेच सांगतील.

तिसरी चूक जागेची. फोनवर इनबॉक्स उघडला की पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि मजकुराची जेमतेम एक ओळ दिसते. ती ओळ "आपण कुशल असाल अशी आशा करतो. आमची कंपनी अनेक वर्षांपासून..." यात गेली, तर चर्चासत्राचा उल्लेख तिसऱ्या परिच्छेदात कितीही सुंदर लिहिला असला तरी कुणी तिथवर जात नाही. "नमस्कार साहेब" पुरेसं आहे, लगेच धागा. विषयाच्या ओळीत तोच धागा पुन्हा न लिहिता काम लिहा: "कंटेनर भरताना तापमानाची नोंद". आणि विषयाआधी खोटं "Re:" लावून जुनं संभाषण असल्याचा भास करू नका. उघडेपर्यंत फसलेला माणूस उघडल्यावर चिडतो.

उल्लेखाला वेळेचंही बंधन आहे. कार्यक्रमानंतर आठवडाभरात लिहिलं तर तो ताजा असतो. काही महिन्यांनी लिहायचं झालं, तर कार्यक्रमाचं ओझं कमी करून प्रश्न पुढे आणा. द्राक्ष निर्यातीचा मुख्य हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल असतो, तेव्हा पॅकहाऊसमध्ये ईमेल वाचायला उसंत नसते. हंगामाची तयारी सुरू असतानाच लिहिणं बरं.

पाठवल्यावर काय बिघडलं, हे उत्तरावरूनच बरंचसं कळतं. "आपण कुठे भेटलो होतो?" असं आलं, तर उल्लेख ढोबळ होता किंवा भेटीचा दावा फुगवला होता. उत्तरात फक्त खरं काय ते सांगा: बोलणं झालं नव्हतं, आपला प्रश्न ऐकला होता. "काकांना विचारतो" असं आलं, तर त्याच क्षणी काकांना कळवा, म्हणजे फोन येईल तेव्हा ते गोंधळणार नाहीत. "छान, पण आमचं काय काम?" असं आलं, तर धागा आणि विषय यांच्यातला दुवा राहून गेला. आणि ईमेल "Address not found" म्हणून परत आला, तर ओळीत दोष नाही, पत्ता चुकला आहे. मजकूर बदलत बसू नका.

काहीच उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदा लिहा, पण चर्चासत्र पुन्हा उगाळू नका. त्याच ईमेलच्या उत्तरात खाली दोन ओळी पुरतात: लॉगरने एका कंटेनरमध्ये नोंदवलेल्या तापमानाच्या आलेखाची प्रत जोडली आहे, दार उघडं असतानाचा चढ त्यात दिसतो, आपल्या पॅकहाऊसमध्ये एक यंत्र चाचणीसाठी पाठवू का?